सकाळच्या दुधासोबतचे सहा डबे

वाचकाचे पत्र

"माझे वडील ६७ वर्षांचे आहेत आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. थायरॉइडसाठी ७५ मायक्रोग्रॅमची आणि रक्तदाबासाठी एक, अशा दोन गोळ्या ते कित्येक वर्षे घेतात. गेल्या दीड वर्षात मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्यांनी कॅल्शियम, लोह असलेले मल्टिव्हिटॅमिन, 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजारांची कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा आणि शेवटी केसांसाठी बायोटिन सुरू केले. थायरॉइडची गोळी साडेसहाला आणि बाकी सगळे सातला दुधासोबत घेतात. पहिल्या तपासणीत टीएसएच ९.२ आला म्हणून डॉक्टरांनी गोळी १०० ची केली. पुढच्या वेळी तो ०.०८ आला, म्हणून पुन्हा ७५. आता ते सतत थकलेले असतात, बद्धकोष्ठता आहे आणि घरात स्वेटर घालून बसतात. गेल्या आठवड्यात सातवा डबा घ्यायला इंदिरानगरच्या औषधांच्या दुकानात गेले, तेव्हा तिथल्या फार्मासिस्ट ताईंनी आधीचे सगळे डबे आणून दाखवायला सांगितले. सगळे पाहून त्यांनी कॅल्शियमची वेळ बदलायला, बायोटिन थांबवून रक्त पुन्हा तपासायला आणि डॉक्टरांना भेटायला सांगितले. भाऊ म्हणतो, दुकानातल्या माणसाने डॉक्टरांच्या रिपोर्टवर बोलू नये. आई म्हणते, सगळे डबे आजच कचऱ्यात टाका. बाबा रुसले आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?"
— एक मुलगी, नाशिक

उत्तर

तुमच्या घरातल्या तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. हे डबे एक तर चांगले असतील किंवा वाईट, आणि प्रश्न फक्त ते ठेवायचे की फेकायचे एवढाच आहे, असे सगळ्यांना वाटते. फार्मासिस्ट ताईंनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आड येते, आणि ती केव्हा घेतली जाते, हे त्यांनी पाहिले. तुम्ही दिलेल्या आकड्यांकडे त्या नजरेने पाहिले, तर दीड वर्षाच्या गोंधळाचे बरेचसे उत्तर साडेसहा आणि सात या दोन वेळांच्या मधल्या अर्ध्या तासात सापडते. मी अनेक वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे हा हिशेब तुमच्यासमोर थोडा सविस्तर मांडतो. अर्थात हे निदान नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी बाबांना तपासूनच करायचे आहे.

थायरॉइडच्या गोळीतले थायरॉक्सिन लहान आतड्यातून रक्तात जाते आणि रिकाम्या पोटीसुद्धा ते पूर्ण शोषले जात नाही. कॅल्शियम किंवा लोह आतड्यात त्याच वेळी येऊन पोहोचले, तर ते थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि गोळीचा काही भाग रक्तात न जाता शौचावाटे निघून जातो. म्हणूनच थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात निदान ४ तासांचे अंतर ठेवायला सांगतात. न्याहारीसाठी अर्धा ते एक तास पुरतो, पण तो नियम या दोघांना लागू पडत नाही. बाबा अर्धा तास थांबत होते, म्हणजे त्यांनी डॉक्टरांची सूचना पाळलीच होती; ती सूचना मिळाली तेव्हा घरात कॅल्शियमचा डबा नव्हता, एवढाच फरक. शिवाय सोबतचे दूधही कॅल्शियमचेच आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह, म्हणजे एकाच घोटात तीन अडथळे.

यामुळे बाबांच्या तोंडात रोज ७५ मायक्रोग्रॅम जात असले तरी रक्तात त्याहून बरेच कमी पोहोचत असणार. रक्तात हार्मोन कमी पडले की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अधिक टीएसएच सोडते, म्हणून टीएसएचचा आकडा वाढणे म्हणजे शरीराला औषध कमी पडते आहे, असा अर्थ होतो. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये त्याची सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते. त्यामुळे ९.२ हा आकडा बहुधा खराच होता आणि समोर आलेल्या आकड्यावरून डॉक्टरांनी गोळी वाढवली, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात आणि टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे जातात. एवढ्या उशिराने परिणाम दिसत असल्यामुळे नवा डबा आणि बदललेला रिपोर्ट यांचा संबंध घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या रिपोर्टची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते ताईंचे खरे कौशल्य तिथेच दिसते. बायोटिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्व आहे. प्रौढ माणसाला ते दिवसाला ३० ते ४० मायक्रोग्रॅम पुरते आणि ते रोजच्या जेवणातून मिळते. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये मात्र ते अनेकदा ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. बाबांच्या डब्यावरचा हा आकडा तुम्ही पाहून ठेवा. जास्तीचे बायोटिन लघवीतून निघून जाते, म्हणून त्याने अपाय होत नाही असे सांगितले जाते. ते शरीरापुरते बऱ्याच अंशी खरेही आहे. अडचण रक्ताच्या तपासणीत येते.

प्रयोगशाळेतल्या अनेक यंत्रांमध्ये टीएसएच मोजताना दोन प्रतिपिंडे वापरली जातात आणि ती टीएसएचला दोन्ही बाजूंनी पकडतात. एका प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेले असते आणि त्या बायोटिनच्या आधाराने ती सगळी जुळणी स्ट्रेप्टॅव्हिडिन या बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या प्रथिनाचा थर दिलेल्या पृष्ठभागाला चिकटते. चिकटलेल्या जुळण्यांमधून जितका प्रकाश निघेल तितका टीएसएच, असा हिशेब यंत्र करते. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल, तर स्ट्रेप्टॅव्हिडिनवरच्या जागा तेच अडवून बसते, टीएसएच धरलेल्या जुळण्या धुतल्या जातात आणि यंत्राला प्रकाश कमी दिसतो. रिपोर्टवर टीएसएच खोटाच खाली येतो. फ्री टी-४, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या थायरॉक्सिनची तपासणी याच्या उलट्या पद्धतीने चालते. तिथे प्रकाश कमी म्हणजे हार्मोन जास्त असे मोजले जाते, त्यामुळे तोच अडथळा फ्री टी-४ खोटा वर दाखवतो. टीएसएच खाली आणि टी-४ वर हे नेमके थायरॉइड अति झाल्याचे चित्र आहे, म्हणून कोणताही डॉक्टर ते पाहून गोळी कमी करील.

बाबांचे तसेच झाले असेल, तर आज ते नेमके कुठे आहेत याचा विचार करा. गोळी पुन्हा ७५ ची झाली आणि सातच्या दुधासोबतचे कॅल्शियम तसेच चालू राहिले. म्हणजे ज्या परिस्थितीत टीएसएच ९.२ आला होता, तीच परिस्थिती पुन्हा आली आहे. थकवा, बद्धकोष्ठता आणि थंडी सहन न होणे ही थायरॉइड कमी पडण्याची नेहमीची लक्षणे आहेत. नाशिकच्या थंडीत स्वेटरकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण घरातले बाकीचे साध्या कपड्यांत वावरत असतील तर ती खूण समजावी.

दुसऱ्या शक्यताही आहेत आणि त्या नजरेआड करून चालणार नाही. सगळ्याच प्रयोगशाळांची पद्धत बायोटिनवर आधारलेली नसते. ती नसेल तर ०.०८ हा आकडा खरा असू शकतो. अश्वगंधेमुळे थायरॉइडची हार्मोन्स वाढल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तिचाही वाटा असू शकतो. मधल्या काळात बाबांनी काही दिवस कॅल्शियम सोडले असेल, तर १०० ची गोळी त्यांना खरोखरच जास्त झाली असेल. यातले काय घडले हे तर्काने ठरवता येत नाही, रक्ताच्या तपासणीने मात्र ठरवता येते. त्यासाठी बदल कोणत्या क्रमाने करायचे, हे महत्त्वाचे आहे.

याच कारणासाठी तुमच्या आईंचा उपाय मला पटत नाही, त्यामागची काळजी समजत असली तरी. सगळे डबे एका दिवसात बंद केले तर थायरॉइडची गोळी न बदलताही तिचा डोस बदलल्यासारखे होईल, कारण अडथळा गेल्यावर तीच गोळी अधिक शोषली जाईल. बाबांच्या बाबतीत आज ते सोयीचे ठरेलही. पण एखाद्याचा डोस कॅल्शियम चालू असताना वाढवून बसवलेला असेल आणि त्याने कॅल्शियम अचानक सोडले, तर औषध अति होऊन धडधड, हातांना कंप, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू शकतात. वय झालेल्या माणसात त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. हे वाचणाऱ्या इतरांपैकी कोणी थायरॉइडच्या गोळीसोबत असे डबे घेत असेल, तर डॉक्टरांना न सांगता ते एकदम सुरू करू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत.

क्रम असा ठेवता येईल. आधी फक्त बायोटिन थांबवा आणि मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर बायोटिन लिहिले आहे का तेही पाहा. असल्यास तेही थांबवा. साधारणपणे निदान २ दिवस थांबायला सांगतात, मोठ्या डोससाठी ३ दिवस ठेवलेले बरे, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती थांबायचे हे डॉक्टरांना विचारावे. या दिवसांत, पुढे सांगितलेली 'ड' जीवनसत्त्वाची कॅप्सूल सोडून, बाकी काही बदलू नका. तिसऱ्या दिवसानंतर सकाळी थायरॉइडची गोळी घेण्याआधी रक्त द्या आणि गोळी नंतर घ्या, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी-४ थोडा चढलेला दिसतो. नमुना देताना प्रयोगशाळेला बायोटिनबद्दल स्पष्ट सांगा आणि त्यांच्या टीएसएच तपासणीची पद्धत त्याने बिघडते का, तेही विचारा. बाबांची थायरॉइडची आजची खरी स्थिती या रिपोर्टवरून कळेल. रक्त दिल्यानंतर त्याच दिवसापासून कॅल्शियम, आणि चालू असेल तर लोहाचे मल्टिव्हिटॅमिनही, दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत न्या आणि सकाळचे दूधही उशिरा घ्या. डोस किती ठेवायचा हे डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवतील आणि ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करतील. बायोटिन थांबवणे आणि कॅल्शियमची वेळ बदलणे हे दोन्ही बदल एकाच दिवशी केले तर आकडा कशामुळे हलला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

त्याच रक्तातून आणखी काही तपासण्या करून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण थायरॉइडइतकीच काळजी मला 'ड' जीवनसत्त्वाची वाटते. साठ हजार युनिटची कॅप्सूल कमतरता भरून काढण्यासाठी सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच दिली जाते. बाबा ती किती महिने घेत आहेत, आठवड्याला एक घेतात की जास्त, हे तुम्ही लिहिलेले नाही. रुसलेल्या माणसाला विचारणे अवघड असते, पण हे विचारावेच लागेल. ही कॅप्सूल रोजची समजून घेणारी माणसे माझ्या पाहण्यात आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय प्रौढाने दिवसाला ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, असे साधारणपणे मानले जाते. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक. कॅल्शियमच्या गोळीत आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा 'ड' असते, ते वेगळे. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे बंद केल्यावरही त्याचा परिणाम लगेच ओसरत नाही. ते अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते आणि त्याची लक्षणे म्हणजे बद्धकोष्ठता, थकवा, खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ आणि पुढे गोंधळलेपण.

यातली पहिली दोन लक्षणे बाबांना आहेतच. म्हणजे त्यांची बद्धकोष्ठता थायरॉइड कमी पडल्याने असेल, रक्तातले कॅल्शियम वाढल्याने असेल किंवा कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमुळेही असेल. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. रक्तदाबाच्या गोळीचे नावही पाहा. त्यात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड हा घटक असेल, तर मूत्रपिंडे कॅल्शियम बाहेर टाकण्याऐवजी राखून ठेवतात आणि धोका वाढतो. अनेक जोडगोळ्यांमध्ये टेल्मिसार्टनसोबत तो असतो. म्हणून रक्तातले कॅल्शियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि 'ड' जीवनसत्त्वाची पातळी तपासावी आणि रिपोर्ट येईपर्यंत साठ हजारांची पुढची कॅप्सूल घेऊ नये, असे मी सुचवीन. हळदीच्या कॅप्सूल आणि अश्वगंधा या दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत झाल्या आहेत, त्यामुळे यकृताची तपासणीही सोबत झालेली बरी. भाजीतली हळद चालू द्या. कॅप्सूलमध्ये तिचा अर्क असतो आणि तो जास्त शोषला जावा म्हणून त्यात काळ्या मिरीतले पायपरीन अनेकदा घातलेले असते.

आता तुमच्या भावांच्या आक्षेपाबद्दल. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो, त्यामुळे त्यांचा संशय अगदीच निराधार नाही. पण नोंदणीकृत फार्मासिस्ट १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदलेला असतो, त्याचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले असते, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांमध्ये रुग्णाला औषधांविषयी समजावून सांगणे हे त्याच्या कामातच धरले आहे. त्या ताईंनी थायरॉइडचा डोस बदलायला सांगितला असता, तर मी भावांच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी वेळ बदलायला, तपासणी पुन्हा करायला आणि डॉक्टरांना भेटायला सांगितले, आणि हे सांगताना स्वतःच्या दुकानातल्या एका डब्याची विक्रीही सोडली. डोस ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, पण बाबांच्या घरातले सगळे डबे एका टेबलावर मांडलेले पाहणारी ही पहिलीच जाणकार व्यक्ती होती. डॉक्टरांनी ते कधी पाहिले नाहीत, कारण "कोणती औषधे चालू आहेत?" या प्रश्नाला बाबांनी बहुधा "दोन" असे प्रामाणिक उत्तर दिले असेल. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर अन्नपदार्थाचा परवाना क्रमांक असतो आणि "औषधी वापरासाठी नाही" या अर्थाची सूचनाही छापलेली असते. बाबांनी ते औषधात धरले नाहीत, याचा दोष त्यांना देता येणार नाही.

म्हणून ताईंकडे पुन्हा जा आणि त्यांना एका कागदावर यादी करून द्यायला सांगा. डब्याचे नाव, त्यातले घटक आणि प्रमाण, घेण्याची वेळ, केव्हापासून चालू आहे आणि त्यांना कशाची शंका वाटते, एवढे त्यात असावे. तो कागद आणि दोन्ही जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि शक्य असेल तर प्रत्येक रिपोर्टच्या आधी कोणता डबा सुरू झाला होता ते बाबांकडून लिहून घ्या. हे काम त्यांच्याकडेच द्या. दीड वर्ष जो माणूस व्हिडिओ पाहून एकेक डबा निवडतो त्याला आकड्यांची आवड असते, आणि आपला टीएसएच दोनदा का उलटसुलट झाला हे त्याला तुमच्याहून जास्त जाणून घ्यायचे असणार. त्यांच्याशी बोलताना व्हिडिओंना नावे ठेवण्याऐवजी प्रत्येक डबा कशासाठी घेतला होता ते विचारा. सांधे दुखत असतील, केस जात असतील, जवळच्या कोणाचे हाड मोडले असेल. ती तक्रार खरी असू शकते आणि तिच्यावर वेगळा, सरळ उपाय असू शकतो. कॅल्शियम खरोखर हवे आहे का, हेही त्यांच्या रोजच्या दूध, दही आणि नाचणीचा अंदाज घेऊन डॉक्टर ठरवू शकतील.

रिपोर्टची वाट पाहण्याच्या काळात काही गोष्टींसाठी मात्र थांबू नका. बाबा गोंधळल्यासारखे बोलू लागले, सतत उलट्या होऊ लागल्या, तहान आणि लघवी अचानक खूप वाढली, किंवा छातीत धडधड होऊन ती थांबेना, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. छातीत दुखू लागले तर तिथल्या डॉक्टरांना बायोटिनबद्दल आवर्जून सांगा, डबा बंद करून थोडेच दिवस झाले असतील तरीही. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणीही काही यंत्रांवर बायोटिनमुळे खोटी कमी येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत जाहीर इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिन रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूचा त्यात उल्लेख होता. बायोटिन नेमके कोणत्या तारखेला थांबवले, हे ताईंच्या त्या कागदावर वरच लिहून ठेवा आणि त्याचा फोटो तुमच्या, आईच्या आणि भावाच्या मोबाइलमध्ये असू द्या.